नव्व्याण्णव टक्के अचूक, पण रुग्ण एकही सापडला नाही

२०१९ ते २०२१ या काळात भारतात क्षयरोगाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पंधरा वर्षांवरच्या लोकांमध्ये, प्रयोगशाळेत जंतू सापडून पक्का ठरलेला फुप्फुसाचा क्षयरोग लाखामागे ३१६ जणांना आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. आता एक लाख प्रौढ वस्तीच्या तालुक्यात मी क्षयरोगाची नवी तपासणी सुरू करतो असं समजा. समोर येईल त्याला ‘तुम्हाला टीबी नाही’ असं सांगायचं, एवढीच ती तपासणी. छातीला नळी लावायची नाही, थुंकी घ्यायची नाही, खोकला आहे का हेही विचारायचं नाही. लाखातल्या ९९,६८४ जणांबाबत माझं उत्तर बरोबर निघेल. म्हणजे माझी तपासणी ९९.७ टक्के अचूक ठरली, आणि तालुक्यातले ३१६ रुग्ण होते तिथेच खोकत राहिले.

हे उदाहरण गमतीचं वाटतं, पण ते तसं सोडून देता येत नाही. एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत, निविदेत किंवा मोहिमेच्या अहवालात ‘अचूकता ९५ टक्के’ असं छापलेलं असतं. तो आकडा काढण्याची रीत माझ्या या तपासणीचा आकडा काढण्याच्या रीतीपेक्षा वेगळी नसते. बरोबर ठरलेली सगळी उत्तरं मोजायची आणि एकूण माणसांनी भागायचं. या बेरजेत रुग्णाला रुग्ण म्हणणं आणि निरोग्याला निरोगी म्हणणं यांना एकाच भावाने गुण मिळतात. निरोगी माणसं रुग्णांच्या तीनशेपट असली, की तो आकडा जवळजवळ सगळाच त्यांच्याकडून येतो. रुग्णांचं काय झालं हे त्याच्या दशांश चिन्हानंतरच्या अंकांत कुठेतरी दडून बसतं.

हा घोटाळा फार जुना आहे आणि तो पहिल्यांदा उघड झाला तो वैद्यकात नव्हे, हवामानशास्त्रात. १८८४ साली अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या जॉन फिन्ली यांनी चक्रीवादळांचे, म्हणजे टोर्नेडोचे, अंदाज वर्तवले आणि ते ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. एकूण २,८०३ अंदाज होते. त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ते आकडे उलगडून दाखवले. प्रत्यक्षात वादळं झाली ५१ वेळा. ‘आज वादळ नाही’ असं रोज डोळे मिटून सांगणारा माणूस ९८.२ टक्के बरोबर ठरला असता, म्हणजे फिन्ली यांच्याहून सरस. तरीही फिन्ली यांचं काम फुकट गेलं नव्हतं. ५१ पैकी २८ वादळांची सूचना त्यांनी आधी दिली होती, आणि डोळे मिटलेल्या माणसाने एकाचीही दिली नसती. मोजपट्टी अशी होती की काहीच न करणारा काम करणाऱ्याच्या पुढे जात होता.

क्षयरोगाच्या तपासणीतही नेमकं हेच घडतं, आणि ते सावकाश पाहण्यासारखं आहे. गावोगावच्या सक्रिय क्षयरुग्ण शोध मोहिमेत आशा ताई घरी येतात आणि विचारतात, ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ हा प्रश्न हीसुद्धा एक तपासणीच आहे. तिच्याबद्दल आणि छातीच्या एक्स-रेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत अनेक अभ्यास एकत्र करून आकडे दिले आहेत. दोन आठवड्यांच्या खोकल्याच्या प्रश्नाने शंभर रुग्णांतले ४२ पकडले जातात आणि शंभर निरोग्यांतले ९४ बरोबर बाजूला काढले जातात. एक्स-रेवर कुठलाही दोष दिसला तर पुढे पाठवायचं असं ठरवलं, तर शंभर रुग्णांतले ९४ पकडले जातात आणि निरोग्यांतले ८९ सुटतात.

हे आकडे आपल्या तालुक्याला लावून पाहू. खोकल्याच्या प्रश्नाने ३१६ पैकी १३३ रुग्ण सापडतील आणि १८३ निसटतील. त्याच वेळी ५,९८१ निरोगी लोकांनाही ‘संशयित’ ठरवलं जाईल. एकूण बरोबर उत्तरांची टक्केवारी येते ९३.८. एक्स-रेने २९७ रुग्ण सापडतील, फक्त १९ निसटतील, पण १०,९६५ निरोगी माणसं संशयितांच्या यादीत येतील. याची अचूकता ८९ टक्के. आता तिन्ही रीती अचूकतेच्या क्रमाने लावा. पहिला नंबर काहीच न करणाऱ्याचा, दुसरा अर्ध्याहून जास्त रुग्ण सोडणाऱ्या प्रश्नाचा, आणि जवळजवळ सगळे रुग्ण शोधणारा एक्स-रे शेवटी. रुग्ण सापडण्याच्या दृष्टीने जो क्रम लागायला हवा, तो बरोबर उलटा झाला.

म्हणून एका आकड्याच्या जागी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला असा: जेवढे खरोखर आजारी होते, त्यांतले किती सापडले? संगणकशास्त्रात याला रिकॉल म्हणतात, आणि डॉक्टर त्यालाच सेन्सिटिव्हिटी म्हणतात. दुसरा असा: ज्यांच्यावर बोट ठेवलं, त्यांतले किती खरोखर आजारी निघाले? हे प्रिसिजन. डॉक्टरांच्या बोलण्यात ते पीपीव्ही म्हणून येतं. या दोन्ही प्रश्नांत निरोगी म्हणून बरोबर ओळखलेल्या लाखभर माणसांना जागाच नाही, आणि त्यातच या दोन मापांचं बळ आहे. आपल्या एक्स-रेचा रिकॉल ९४ टक्के, आणि प्रिसिजन २.६ टक्के, म्हणजे पुढे पाठवलेल्या दर ३८ जणांत एकच खरा रुग्ण. माझ्या फुकटच्या तपासणीचा रिकॉल शून्य. तिचं प्रिसिजन काढताच येत नाही, कारण तिने बोटच कोणावर ठेवलेलं नाही.

२.६ टक्के हा आकडा ऐकून कोणीही दचकेल. अडतीस माणसांना घोर लावून एक रुग्ण शोधायचा, ही कसली तपासणी? याचं उत्तर टक्केवारीत शोधून मिळत नाही. ‘संशयित’ ठरल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, यावर ते अवलंबून आहे.

एका दगडखाणीत पंधरा वर्षं काम केलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. मोहिमेच्या गाडीतल्या हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने त्याच्या छातीचा फोटो निघाला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक बारीक ठिपके दिसतात, एका बाजूला दोरे ओढल्यासारख्या रेघा. हे सिलिकाच्या धुळीने झालेलं असू शकतं, दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा वण असू शकतो, किंवा आज जागा असलेला क्षयरोगही असू शकतो. सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे ‘हे धुळीचंच आहे’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही. फोटो पाहून कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही, आणि सांगू नये. अशा वेळी त्याच्या हातात थुंकीची डबी दिली, सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून बेडका काढायला सांगितलं आणि दोन दिवसांत निकाल कळवला, तर चुकीच्या संशयाची किंमत दोन दिवसांची काळजी आणि एक डबी एवढीच राहते. पण त्याच फोटोवरून त्याला सरळ गोळ्या सुरू केल्या, तर गोष्ट निराळी. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, लघवीला नारिंगी रंग, यकृतावर ताण, आणि खाणीच्या वस्तीत ‘त्याला टीबी आहे’ ही बातमी. एकच २.६ टक्के पहिल्या ठिकाणी चालण्यासारखे आणि दुसऱ्या ठिकाणी अन्यायाचे ठरतात.

म्हणूनच चाळणी दोन टप्प्यांत लावतात. पहिल्या टप्प्यात रिकॉल जपायचा, दुसऱ्यात प्रिसिजन. दुसऱ्या टप्प्याला आज थुंकीतल्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी वापरतात. जीनएक्स्पर्ट यंत्र आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्रही त्याच कामाचं, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० साली मिळाली. जीनएक्स्पर्टवरच्या पहिल्या पिढीच्या चाचणीचे संकलित आकडे असे: शंभर रुग्णांत ८५ सापडतात, शंभर निरोग्यांत ९८ बरोबर सुटतात.

हीच चाचणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरून पाहिली, की या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाती लागते. कसलीही चाळणी न लावता तालुक्यातल्या लाखही जणांची थुंकी तपासली, तर २६९ खरे रुग्ण आणि १,९९४ खोटे पॉझिटिव्ह मिळतील. प्रिसिजन सुमारे १२ टक्के. आधी एक्स-रे काढून संशयित ठरलेल्या ११,२६२ जणांचीच थुंकी तपासली, तर २५२ खरे आणि २१९ खोटे, म्हणजे प्रिसिजन ५३ टक्क्यांच्या पुढे. आणि समजा एखाद्या रुग्णालयाच्या छातीविकार विभागात महिनोन्‌महिने खोकला, ताप आणि घटलेलं वजन घेऊन आलेले हजार जण आहेत, त्यांतल्या दोनशेंना खरोखर क्षयरोग आहे. तिथे १७० खरे आणि १६ खोटे. प्रिसिजन ९१ टक्के. यंत्र तेच, रसायन तेच, हात तेच. बदलली ती फक्त समोरची माणसं.

याचा अर्थ असा, की प्रिसिजन हा चाचणीचा गुण नव्हे. तो चाचणी आणि तिच्यासमोरची गर्दी या दोघांचा मिळून बनतो. ‘या चाचणीचं पॉझिटिव्ह किती भरवशाचं?’ असं कोणी विचारलं, तर ‘कुठे वापरणार?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय प्रामाणिक उत्तर देता येत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणातच सर्व प्रकारच्या क्षयरोगाचं प्रमाण दिल्लीत लाखामागे ७४७ आणि गुजरातेत १३७ निघालं. दोन्हीकडे एकच यंत्र बसवलं, तरी दिल्लीतल्या पॉझिटिव्ह अहवालाचं वजन गुजरातेतल्या अहवालापेक्षा जास्त असणार.

इथे एक सावधगिरी लागते. दोन टप्प्यांचे आकडे मी एकमेकांना सरळ गुणले, आणि त्यात दोन्ही टप्प्यांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतात असं धरलं. प्रत्यक्षात तसं नसतं. ज्याच्या छातीत जुना वण आहे तो एक्स-रेवर संशयित ठरतो, आणि त्याच माणसाच्या थुंकीत कधीकधी मेलेल्या जंतूंचा डीएनए शिल्लक असतो, म्हणून दुसरी चाचणीही त्याच्याच बाबतीत चुकते. उलट घरोघर फिरून सापडणारे रुग्ण आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत असतात, त्यांच्या थुंकीत जंतू कमी असतात. रुग्णालयात मोजलेला ८५ टक्क्यांचा रिकॉल त्यांच्या बाबतीत टिकेलच असं नाही. खोकलाच नसलेल्या माणसाला बेडका काढायला सांगितलं, तर डबीत बऱ्याचदा नुसती लाळ येते, आणि लाळेत जंतू सापडत नाहीत. तेव्हा वरचे आकडे दिशा दाखवतात, शेवटचा हिशेब त्या त्या वस्तीत मोजूनच होतो.

या दोन टप्प्यांच्या साखळीची एकूण अचूकता किती? २५२ रुग्ण सापडले, ६४ निसटले, २१९ निरोग्यांना चुकून रुग्ण म्हटलं, बाकी सगळे बरोबर. ९९.७२ टक्के. काहीच न करणाऱ्याची होती ९९.६८. एक्स-रेची गाडी, तंत्रज्ञ, आशा ताईंची पायपीट, अकरा हजार डब्या, डीएनए चाचणी, आणि शेवटी औषधापर्यंत पोचलेली अडीचशे माणसं, हे सगळं अचूकतेच्या मापात शतांश टक्क्यांच्या तीन-चार घरांएवढं भरलं. हे माप घेऊन एखादा अर्थखात्याचा अधिकारी ‘या मोहिमेने काय साधलं?’ असं विचारायला बसला, तर कागदावर त्याला उत्तर देता येणार नाही. माप बदललं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो ते याच कारणाने.

आकड्याने केलेल्या फसवणुकीचं खरंखुरं उदाहरण आपल्या देशात घडलेलं आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत असत. थुंकीची कटकट नाही, रक्ताचे चार थेंब दिले की संध्याकाळी अहवाल. जगभरात वर्षाला दहा लाखांहून जास्त लोकांची ही तपासणी होत होती, आणि भारत तिची मोठी बाजारपेठ होता. २०११ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध पुरावा तपासून या चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. पुराव्याचा दर्जा फार खालचा होता आणि निकाल एका अभ्यासातून दुसऱ्यात वाटेल तसे बदलत होते. २०१२ च्या जूनमध्ये भारत सरकारने या चाचण्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली.

अशा चाचण्या कागदावर चांगल्या का दिसू शकतात, हे समजण्यासाठी परत आपल्या एक्स-रेकडे जाऊ. शंभर पक्के रुग्ण आणि शंभर पक्के निरोगी घ्या, आणि त्यांच्यावर एक्स-रेची परीक्षा करा. ९४ आणि ८९, मिळून १८३ बरोबर, अचूकता ९१.५ टक्के. प्रिसिजनही मोजलं तर १०५ संशयितांत ९४ खरे, म्हणजे सुमारे ९० टक्के. तोच एक्स-रे तालुक्यात २.६ टक्क्यांवर येतो. कोणीही खोटं बोललेलं नाही. परीक्षेसाठी जमवलेल्या गर्दीत अर्धे रुग्ण होते, तालुक्यात तीनशेंत एक आहे, एवढाच फरक. रक्ताच्या चाचणीत आणखी एक गोची असते. आपल्याकडे पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूंचा संसर्ग कधी ना कधी झालेला असल्याचं याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. जंतूशी पूर्वी झालेली गाठ आणि आजचा आजार यांत प्रतिपिंडांना नीट फरक करता येत नाही, त्यामुळे संसर्ग कमी असलेल्या देशातल्या निरोग्यांवर तपासून आलेली चाचणी इथल्या निरोग्यांना मोठ्या संख्येने रुग्ण ठरवणार हे उघड आहे. म्हणून अभ्यासात ‘अचूकता’ दिसली, की पहिली नजर तक्त्यातल्या संख्येवर न जाता त्याआधीच्या परिच्छेदावर जायला हवी: रुग्ण कुठून आणले, निरोगी कुठून आणले, दोघांचं प्रमाण किती.

दोन मापं हाती आली म्हणून भांडण संपत नाही, उलट ते उघड्यावर येतं. एक्स-रे पाहताना ‘कुठलाही दोष’ दिसला तरी पुढे पाठवायचं, की ‘क्षयरोगासारखा दोष’ दिसला तरच? दुसरा नियम लावला तर मार्गदर्शिकेच्या आकड्यांनुसार रिकॉल ९४ वरून ८५ वर येतो, पण निरोग्यांतले ९६ टक्के सुटतात. आपल्या तालुक्यात संशयितांची यादी ११,२६२ वरून ४,२५६ वर उतरते, आणि प्रिसिजन सहा टक्क्यांच्या वर जातं. त्याची किंमत २८ रुग्ण. दुसऱ्या बाजूने म्हणायचं तर सैल नियमाने प्रत्येक जादा रुग्णामागे सुमारे अडीचशे जादा थुंकीच्या तपासण्या कराव्या लागतात. हे दोन आकडे एका तराजूत कसे घालायचे, हे गणित सांगत नाही. प्रिसिजन आणि रिकॉल यांची एकत्र सरासरी काढणारा एफ-वन नावाचा गुणांक संगणकवाल्यांत लोकप्रिय आहे. त्याने अचूकतेचा दोष जातो खरा, पण तो दोन्ही बाजूंना सारखंच वजन देतो. एक निसटलेला रुग्ण आणि एक वाया गेलेली डबी यांना सारखं वजन द्यायचं कोणी ठरवलं? निसटलेला रुग्ण चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांसोबत झोपतो. वाया गेलेल्या डबीलाही किंमत आहे: तालुक्याच्या यंत्रावर दिवसाला ठरावीकच नमुने लागतात, आणि यादी अकरा हजारांची झाली तर ज्याला खरंच जोराचा खोकला आहे त्याचा अहवालही आठवडाभर अडकतो. नियम सैल ठेवायचा की घट्ट, हे यंत्रांची क्षमता, मनुष्यबळ आणि वस्तीतला आजार पाहून जिल्ह्याने ठरवायला हवं, आणि ठरवलं ते उघड सांगायला हवं. आज हा निर्णय बऱ्याचदा एक्स-रे वाचणाऱ्या संगणकप्रणालीत विकणाऱ्याने आधीच बसवून दिलेल्या एका मर्यादेत दडलेला असतो. ते मला अमान्य आहे.

माझी सगळ्यांत मोठी तक्रार मात्र रिकॉलबद्दल आहे. प्रिसिजन आपोआप कळतं, कारण संशयितांची पुढची तपासणी होतेच. रिकॉल मात्र दिसत नाही. ज्यांना ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवलं, त्यांतल्या किती जणांना खरंतर आजार होता, हे शोधायला कोणी परत जात नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशात क्षयरोगमुक्तीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. अशा मोहिमांच्या बातम्यांत किती लाख लोक तपासले आणि किती रुग्ण सापडले हे येतं. किती निसटले, हा रकानाच नसतो. हा रकाना केवढा मोठा असू शकतो याची कल्पना त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाने दिली होती. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के फक्त एक्स-रेमुळे हाती लागले, लक्षणं विचारून ते निसटलेच असते.

शिवाय रिकॉल हा फक्त यंत्राचा नसतो, पूर्ण साखळीचा असतो. समजा तालुक्यातले ८० टक्के लोकच एक्स-रेच्या गाडीपर्यंत आले; सकाळीच ऊसतोडीला, मजुरीला निघून गेलेले राहिले. ३१६ रुग्णांपैकी २५३ गाडीत आले. एक्स-रेने त्यांतले २३८ धरले. त्यांतल्या दहापैकी नऊ जणांनी नीट बेडका दिला, म्हणजे २१४. डीएनए चाचणीने त्यांतले १८२ पकडले. प्रत्येक टप्पा ऐंशी-नव्वद टक्क्यांचा, ऐकायला उत्तम, आणि शेवटी हाती आलेले रुग्ण ५८ टक्के. यातली सर्वांत मोठी गळती यंत्राची नाही. ती गाडी सकाळी दहाला उभी राहते आणि मजूर सातला निघून गेलेला असतो, या वेळापत्रकाची आहे. दोन टक्के जास्त रिकॉल असलेलं यंत्र विकत घेण्याआधी गाडीची वेळ बदलून पाहावी, इतका साधा निष्कर्षही अचूकतेच्या आकड्यातून कधीच निघाला नसता.

मग निसटलेले मोजायचे कसे? ‘ठीक’ ठरलेल्यांतले थोडे निवडून पुन्हा तपासू, हा पहिला विचार मनात येतो. तो चालत नाही. एक्स-रे स्वच्छ निघालेल्या ८८,७३८ जणांत रुग्ण आहेत १९. त्यांतले पाच हजार निवडले, तर सरासरी एकच रुग्ण हाती लागेल, आणि ९८ टक्क्यांची चाचणी त्याच पाच हजारांत शंभर खोटे पॉझिटिव्ह दाखवेल. तो एक त्या शंभरांत ओळखायचा तर प्रत्येकाच्या थुंकीचं कल्चर करावं लागेल, त्याला काही आठवडे लागतात. दुर्मिळ गोष्ट शोधणं जितकं अवघड, तितकंच ती शोधताना किती चुकलो हे मोजणंही अवघड असतं.

पण एक वाट आहे, आणि तिला नवं यंत्र लागत नाही. देशातल्या प्रत्येक नोंदलेल्या क्षयरुग्णाला निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो, मग तो सरकारी दवाखान्यात सापडलेला असो की खासगी. मोहिमेत तपासलेल्या आणि ‘ठीक’ म्हणून परत पाठवलेल्या लोकांची यादी जपून ठेवायची, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतली कोणती नावं निक्षयवर रुग्ण म्हणून उमटतात ते जुळवून पाहायचं. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत जग हे अनेक वर्षं करत आलं आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड झालेले कर्करोग तिथे वेगळे मोजले जातात. या जुळणीत काही रुग्ण तपासणीनंतर नव्याने आजारी पडलेलेही येतील, त्यामुळे आकडा नेमका निघणार नाही. तरी दर जिल्ह्यामागे ‘आम्ही ठीक म्हटलेल्यांतून इतके रुग्ण नंतर निघाले’ अशी एक ओळ छापली गेली, तर पुढच्या वर्षी खोकल्याचा प्रश्न पुरे की एक्स-रे हवाच, नियम सैल हवा की घट्ट, गाडी कधी आणि कुठे उभी करायची, हे त्या ओळीवरून ठरवता येईल.